मस्कारा उघडला कधी?

पाडव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ऑफिसात ट्रॅडिशनल डे होता आणि लेडीज वॉशरूममध्ये ही गर्दी! एक आरसा, सहा जणी आणि मस्कारा मात्र एकच, आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीचा. ‘दे ना गं एक मिनिट’ करत तो तिघींच्या पापण्यांवरून फिरला. चौथ्या दिवशी मालकीणबाईंच्या वरच्या पापणीला टपोरी रांजणवाडी. डोळा अर्धा मिटलेला, आणि सोमवारी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मस्कारा उघडला कधी?’’ तिला आठवेना. मग आठवलं, दिवाळीच्या सेलमध्ये घेतला होता. म्हणजे पाच महिने. रांजणवाडी त्यामुळेच झाली असं डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही, ती मेकअप न करणाऱ्यांनाही होते. पण तो मस्कारा मात्र लगेच कचऱ्यात टाकायला लावला.

आता तुम्ही म्हणाल, लिपस्टिक वर्षभर चालते, मग मस्काऱ्याचेच एवढे लाड का? कारण त्याचा ब्रश. आपल्या पापण्यांच्या कडेला स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू एरवीही गुण्यागोविंदाने राहतात. ब्रश पापणीवरून फिरतो, त्यातले थोडे उचलतो आणि पुन्हा नळीत जातो. आत ओलावा, अंधार आणि घट्ट झाकण! मस्काऱ्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते या पाहुण्यांना आवरतं. पण रोज नवे पाहुणे येत राहिले की त्याची ताकद कमी पडू लागते. म्हणूनच अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटना डोळ्यांचा मेकअप तीन महिन्यांनी बदला म्हणते.

नळीवर उघड्या डबीचं छोटंसं चित्र असतं, त्यात ‘६ एम’ वगैरे लिहिलेलं. ते उघडल्यापासूनचे महिने. पण हा हिशेब एकीनेच, नीट वापरला तरचा. मस्कारा घट्ट झाला म्हणून तुम्ही त्यात पाण्याचा थेंब टाकला (किंवा, खरं सांगा, ब्रशला थुंकी लावली!) तर तो हिशेब संपला. पाण्याने प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं, आणि थुंकीतून तोंडातले जंतू थेट आत जातात. ब्रश आत-बाहेर खुपसत राहण्याची सवयही वाईट. हवा आत जाऊन मस्कारा लवकर सुकतो आणि मग पाण्याचा मोह होतो. वास बदलला, गुठळ्या झाल्या तर टाकाच. पण वास चांगला येतोय म्हणजे आत सगळं ठीक आहे, असं मात्र समजू नका. जिवाणूंना वास असेलच असं नाही.

रांजणवाडी तशी साधी. तिला दाबायचं नाही, दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं कोमट शेक द्यायचा. बहुतेक वेळा आठवड्याभरात बसते. खरी भीती दुसरीच आहे. धावत्या लोकलमध्ये किंवा सिग्नलला थांबलेल्या रिक्षात मस्कारा लावताना ब्रश डोळ्याच्या बुबुळावर घासला तर? त्या ओरखड्यातून जंतूंना सरळ वाट मिळते. १९७७ साली विल्सन आणि अहर्न या अमेरिकन संशोधकांनी नेमक्या अशाच केसेस नोंदवल्या होत्या. दूषित मस्काऱ्याचा ब्रश लागून कॉर्नियाला स्यूडोमोनास या जिवाणूचा अल्सर झाला होता. असे प्रकार विरळाच, पण हा जिवाणू फार घाई करतो, आणि व्रण राहिला तर नजर अधू होते. त्यामुळे ब्रश लागल्यावर दुखणं वाढलं, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर ‘उद्या बघू’ नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स घालणाऱ्यांनी तर आधी लेन्स काढावी.

शेअरिंगचं म्हणाल तर मैत्रिणीच्या पापण्यांवरचे जंतू तिला त्रास देत नसले तरी तुम्हाला देऊ शकतात. आणि तिचे डोळे येऊ घातले असतील, तर तो व्हायरस तिला स्वतःला कळायच्या आधीच तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. दुकानातल्या टेस्टरचंही तेच. वापरून बघायचाच असेल तर नवा डिस्पोजेबल ब्रश मागा, तो एकदाच बुडवा आणि दुसऱ्यांदा नळीत घालू नका. काजळाची पेन्सिल त्यामानाने सोपी, टोक केलं की वरचा थर जातो. मस्काऱ्याला टोक करता येत नाही!

आमच्या मैत्रिणीने प्रेझेंटेशन चष्मा लावून केलं. डोळा पूर्ण बरा झाल्यावरच नवा मस्कारा घेतला, तोही या वेळी सगळ्यात छोटा, कारण मोठी नळी तीन महिन्यांत संपतच नाही. त्याच्या बुडाशी तिने उघडल्याची तारीख लिहून स्टिकर चिकटवलाय. परवा वॉशरूममध्ये कुणीतरी पुन्हा ‘दे ना गं’ म्हणालं, तेव्हा तिने शांतपणे कंगवा पुढे केला.