पळून ती कुठं जाणार होती?



नेरळजवळच्या एका ठाकूरवाडीतली बाई गेल्या वर्षी ४१ दिवस तुरुंगात होती. त्यातले पहिले १२ दिवस तिला जामीन मिळाला नव्हता म्हणून, आणि उरलेले २९ दिवस जामीन मिळाल्यावर. हे दुसरं वाक्य मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी पुन्हा विचारलं, "मिळाल्यावर?" हो, मिळाल्यावर. या अंकात त्याविषयीच लिहायचं आहे.

ती एका फार्महाऊसवर झाडलोट आणि भांडी करायची. मालकीणबाईंच्या बांगड्या सापडेनात, तेव्हा पहिला संशय तिच्यावर आला. नोकराने केलेली चोरी हा गुन्हा अजामीनपात्र आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं आपल्या अनेक कार्यकर्त्याही समजतात. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं, एवढाच फरक. स्त्री, लहान मूल, आजारी किंवा अपंग व्यक्ती असेल तर गंभीर गुन्ह्यातही जामीन देता येईल, असं कायदा वेगळं सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४८० मध्ये आहे.

सुनावणीत सरकारी पक्षाने विरोध केला. कारण नेहमीचं: आरोपी फरार होईल. वाडीतली माणसं दिवाळीनंतर भट्टीवर जातात, घराला कुलूप असतं, पक्का पत्ता नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. तिचं दीड वर्षाचं मूल तिच्याबरोबरच आत होतं आणि दोन मुली आश्रमशाळेत होत्या. आयुष्यात ती कल्याणच्या पुढे गेलेली नव्हती. पळून ती कुठं जाणार होती?

खटल्याआधी माणसाला डांबून ठेवायची कारणं मोजकीच आहेत. तो खटल्याला हजर राहणार नाही, साक्षीदारांना धमकावेल, पुरावा नष्ट करेल किंवा पुन्हा गुन्हा करेल, अशी खरीखुरी भीती असली पाहिजे. "त्याने केलंच असेल" हे त्यातलं कारण नाही. गुन्हा शाबित होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, तर शिक्षा आधी आणि निकाल मागाहून असं करता येत नाही. आरोप किती गंभीर आहे हे न्यायालय पाहतं, पाहायलाही हवं. पण ही भीती मोजायची कशी, यावरच सगळा वाद आहे.

तिच्या बाबतीत ती रुपयांत मोजली गेली. २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, असा हुकूम झाला. नवरा माझ्याकडे आला तो रडवेला होऊन. २५ हजार कुठून आणू, म्हणाला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे पैसे भरायचे नसतात. ते वचन असतं: बाई तारखेला आली नाही तर एवढी रक्कम न्यायालय आमच्याकडून वसूल करू शकेल. रोख भरायचा जामीन वेगळा, आणि तो हुकुमात तसा लिहिलेला असतो. तेव्हा हुकूम हातात आला की आधी तो नीट वाचून घ्या.

पण वचन देणाऱ्या जामीनदाराची ऐपत दाखवावी लागते. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. वाडीत बहुतेकांचं घर गावठाणाबाहेर. काहींना वनहक्काचा पट्टा मिळालेला आहे, पण ती जमीन वारसाने जाते, विकता येत नाही. मग ती ऐपत म्हणून धरायला कोण तयार होणार? आदिवासीची जमीन हातची जाऊ नये म्हणून घातलेलं बंधन तिथे असं आडवं आलं. नवऱ्याच्या चुलत्याच्या नावावर थोडी जमीन होती, पण ती दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो चालेना. न्यायालयाच्या आवारात एकाने मात्र लगेच सांगितलं, पाच हजार द्या, जामीनदार उभा करतो. या भाडोत्री जामीनदाराचा त्या बाईशी काय संबंध? ती आली काय, न आली काय, त्याला त्याचं काय! ऐपतीचा कागद पाहणाऱ्या पद्धतीत हा माणूस पास होतो आणि सख्खा चुलता नापास होतो.

हेच प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मध्य प्रदेशातला मोतीराम हा गवंडी. त्याला जामीन देण्याचा आदेश झाला, तर खालच्या न्यायालयाने १० हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे दोन्ही चूक ठरवलं आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात, न्यायमूर्ती भगवती यांनी माणूस पळेल की नाही हे कशावरून ओळखायचं ते सांगितलं: तो तिथे किती वर्षं राहतो, काम काय करतो, घरात कोण आहे, आधी कधी तारीख चुकवली आहे का, त्याच्याबद्दल हमी देणारी माणसं कोण. म्हणजे मुळं किती खोल आहेत ते पाहा, मालमत्ता किती ते नव्हे. या गोष्टीला पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे कैदी होते.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. जामीन होऊनही आत राहणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सूचना दिल्या. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिव त्या कैद्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल करवून घेऊन अटी सैल करण्यासाठी न्यायालयापुढे ठेवू शकतात. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय आपण होऊन अटी बदलण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच उशिराचं एक कारण असल्याने ती अट घालू नये, असंही सुचवलं आहे.

आमच्या बाबतीत आठव्या दिवशी कोणी कोणाला कळवलं नाही. मलाही या सूचना तेव्हा माहीत नव्हत्या. समाजकार्याची पदवी घेऊन दहा वर्षं झाली तरी. तिसऱ्या आठवड्यात विधी सेवेच्या वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मी दोन पानांचा अहवाल लिहिला. लग्न होऊन या वाडीत १४ वर्षं, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलींच्या शाळेचा दाखला, शेजारच्या तिघींच्या सह्या, भट्टीवर गेल्यास भट्टीमालकाचा फोन आणि परतण्याचा महिना. यात मी कुठेही ती निर्दोष आहे असं लिहिलं नाही. ते ठरवायचं काम खटल्याचं. न्यायालयाने जामीनदाराची अट काढून तीन हजार रोख आणि जातमुचलका ठेवला. ती सुटली. त्यानंतर एकही तारीख तिने चुकवलेली नाही. दोनदा तर भट्टीवरून मजुरी बुडवून आली.

दीर्घ कैदेसाठी नव्या कायद्याचं कलम ४७९ आहे. आधी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. पण जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्याला ते लागू नाही आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. आमच्या बाईच्या बाबतीत हा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने होतात. शोमा सेन यांना तर हाही आधार नव्हता. नागपूर विद्यापीठातल्या इंग्रजीच्या या प्राध्यापिका आणि स्त्री-हक्क कार्यकर्त्या ६ जून २०१८ रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाल्या. त्यांच्यावर लावलेल्या यूएपीए कायद्यात आरोप वरवर पाहता खरे वाटले तर जामीन देता येत नाही. म्हणजे माणूस पळेल का, हा प्रश्न येण्याआधीच दार बंद होतं. ५ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढे आलेल्या कागदपत्रांवरून ती बंदी त्यांना लागू होत नाही असं म्हणून जामीन दिला. मधे पाच वर्षं दहा महिने गेले, आणि खटला सुरूही झाला नव्हता.

आता आपली अवघड बाजू. आपणही पोलीस ठाण्यासमोर "जामीन देऊ नका" अशा घोषणा दिल्या आहेत. मी दिल्या आहेत. आमची बाई आत होती त्याच महिन्यात बायकोला मारहाण करणारा एक माणूस दुसऱ्याच दिवशी बाहेर आला. त्याच्याकडे सातबारा होता, जामीनदार दारात उभे होते. संध्याकाळी तो बायकोच्या माहेरच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तो पळणार नव्हताच. त्याने तिथेच असणं हा तिचा धोका होता. त्या ऐपतीने हा धोका मोजलाच नाही.

त्या रात्री आमच्यातली एक म्हणाली, "मग त्याला आत ठेवा म्हणायचं नाही का?" म्हणायचं, पण त्याचं कारण सांगून. धमकी कधी दिली, कोणासमोर दिली, फोन कुठल्या नंबरावरून आला, पोलीस ठाण्यात नोंद कोणत्या तारखेची आहे, हे सरकारी वकिलाच्या हातात सुनावणीआधी पडलं पाहिजे. नुसता गुन्हा भयंकर आहे म्हणून आत ठेवा, ही मागणी आपण केली की उद्या तीच आमच्या वाडीतल्या बाईविरुद्ध वापरली जाते. जामीन होणार असं दिसलं तर अटी मागा: तिच्या घराच्या, कामाच्या जागेच्या, मुलांच्या शाळेच्या आसपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, नातेवाइकांमार्फत निरोप पाठवायचे नाहीत. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

आणखी एक. मध्य प्रदेशात एका विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार बाईकडून राखी बांधून घेण्याची अट घातली गेली होती. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आरोपी आणि तक्रारदार समोरासमोर येतील अशी अट घालायची नाही, आणि जामीन झाला की तक्रारदाराला लगेच कळवून दोन दिवसांत हुकुमाची प्रत द्यायची, असं त्या निकालात सांगितलं आहे. त्या माहेरी आलेल्या बाईला प्रत मिळाली नव्हती. तो सुटला हे तिला अंगणातल्या त्याच्या सावलीवरून कळलं. प्रतीसाठी अर्ज आम्ही चौथ्या दिवशी केला, सहाव्या दिवशी ती मिळाली, आणि तेव्हा कळलं की हुकुमात तिच्यापासून लांब राहण्याची अट मुळात नव्हतीच, कारण ती कोणी मागितली नव्हती. अट घालून मिळावी म्हणून केलेल्या अर्जाची सुनावणी पुढच्या सोमवारी आहे.