बर्नुलीचे सूत्र कुठपर्यंत?

ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेले पहिले तेजस एमके-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या आकाशात उडाले. इतक्या आधुनिक विमानाचा हवेतला वेगही अजून दाबावरूनच काढतात. पिटो नळीच्या तोंडाशी हवा थांबते आणि तिचा दाब वाढतो. हा एकूण दाब आणि भोवतालचा स्थिर दाब यांच्यातला फरक हाती आला, की वर्गात शिकवलेले बर्नुलीचे सूत्र सांगते: फरकाची दुप्पट करा, घनतेने भागा, वर्गमूळ घ्या. हवा दबत नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

कमी वेगाला या गृहीतकाविरुद्ध माझी तक्रार नाही. मॅक ०.३ ला दाबातली चूक २ टक्क्यांच्या किंचित वर असते आणि वर्गमूळामुळे वेगात ती जेमतेम १ टक्का उरते. स्थिर दाबाचे छिद्र चुकीच्या जागी असले तरी एवढा फरक पडतो. कॉलेजच्या विंड टनेलमध्ये लांबलचक सूत्र वापरून काही हाती लागत नाही.

पण ११ किलोमीटर उंचीवर मॅक ०.८ ने जाणारे विमान घ्या. प्रमाण वातावरणात त्याचा खरा वेग ताशी ८५० किलोमीटर होतो. नळीच्या तोंडाशी थांबताना हवा दबून ३५ टक्के अधिक घन होते, म्हणून दाबातला फरक बर्नुलीच्या हिशेबापेक्षा १७ टक्के जास्त येतो. तोच आकडा साध्या सूत्रात घातला, तर वेग ९१९ निघतो. ही जवळजवळ ७० किलोमीटरची चूक नेहमी एकाच दिशेने जाते: वेग खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो.

यावर सांगितले जाते, की वेगदर्शकाच्या तबकडीतच ही दुरुस्ती केलेली असते. ते खरे आहे, पण समुद्रसपाटीपुरते. याच विमानात, यंत्राची व जागेची चूक नसेल, तर काटा ४९१ दाखवेल. त्याला फक्त घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाने भागले, तर ९०१ येतात. उंचीची दुरुस्ती करून आधी ४९१ चे ४६३ केले, की मगच ८५० मिळतात. मला हीच चूक जास्त घातक वाटते, कारण दुरुस्ती झालीच आहे अशी समजूत असते आणि कुणी पुन्हा तपासत नाही.

म्हणून जास्त वेगाला फरक बाजूला ठेवून दोन दाबांच्या गुणोत्तरापासूनच सुरुवात करावी:

```
p0/p = (1 + 0.2 M²)^3.5
```

इथे गुणोत्तर १.५२४ येते आणि घनता ठाऊक नसतानाही मॅक ०.८ मिळतो. मात्र वेगासाठी तापमान लागतेच, आणि ते चुकले तर ही अचूकता वाया जाते. शिवाय स्थिर दाब सदोष असेल, तर हे सूत्रही त्याला सावरत नाही. मॅक १ ओलांडला, की नळीपुढे आघात-लहर उभी राहते. तिथे एकूण दाबाचा काही भाग वाटेतच गमावलेला असतो, त्यामुळे हे सूत्र थांबवून रॅलेचे सूत्र घ्यावे लागते.