आमटीतले मिठागर

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे म्हणून सारे कुटुंब वेळेवर पानावर बसले आहे आणि नेमके आमटीत मीठ जास्त पडले आहे. सासरे म्हणतात, "आज मीठ दुप्पट पडलेले दिसते." कोणी हसत नाही; सूनबाईंचा चेहरा मात्र उतरतो. मीठ दुप्पट पडणे शक्य असते, म्हणून ही अतिशयोक्ती तक्रार ठरते. तेच सासरे म्हणाले असते, "सूनबाई, मिठागर विकत घेतलेस, तर निदान खतावणीत नोंद तरी कर," तर सूनबाईंनाही हसू आवरले नसते. अतिशयोक्तीने शक्यतेची सीमा निःसंशय ओलांडली पाहिजे आणि जोडीला खतावणीसारखा घरचा तपशील हवा.

न्यूनोक्तीची रीत उलटी. तिसरा पेला पाणी रिचवून धाकटे दीर शांतपणे म्हणतात, "आमटी अळणी नाही, एवढे खरे." येथे हसू येते, कारण आमटी सर्वांनी चाखली आहे आणि रिकामे पेले समोर आहेत. सत्य व शब्द यांतील अंतर ऐकणाऱ्याने स्वतः मोजायचे असते. ज्याने अजून घास घेतला नाही, अशा पाहुण्याला तेच वाक्य साधी माहिती वाटेल. बोलणारा स्वतःच हसू लागला, तरीही गंमत विरते.

विनोद साधला की नाही, हे ओळखण्याची खूण एकच: जिने आमटी केली, तीही हसली पाहिजे. ती गप्प राहिली, तर पुढचे वाक्य विनोदाचे नसावे. आमटीची वाटी मुकाट्याने पुढे करावी.