वजूचं गरम पाणी आणि बोअरचे क्षार

थंडीच्या दिवसांत फजरला मशिदीत गरम पाणी असावं, म्हणून सोलर बसवायचं ठरतं. मग कमिटीच्या बैठकीत दोन तट पडतात. एकाला तांब्याची फ्लॅट प्लेट हवी असते, कारण ती दणकट दिसते. दुसऱ्याला काचेच्या नळ्यांचं मशीन हवं असतं, कारण ते स्वस्त पडतं आणि ढगाळ दिवशीही बऱ्यापैकी तापतं. सध्या चिखलीत आमच्या मोहल्ल्यात हीच चर्चा चालू आहे. त्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: टाकीत पाणी कुठलं येणार?

चिखलीत हा प्रश्न टाळून चालत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं. मधल्या दिवसाची तूट बोअर भरून काढतो, तोही आटला की टँकर. टँकरचं पाणीसुद्धा बहुतेक वेळा कुठल्या तरी बोअरचंच. धरणातून नदीवाटे येणारं पाणी मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणतं. असं पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि पांढरा थर बनून चिकटतं. पाणी साठ अंशांच्या पुढे गेलं की हे झपाट्याने होतं, आणि सोलरचं काम तेच आहे. चहाच्या पातेल्याला आतून जो खडूसारखा थर बसतो, तोच हा.

थर दोन्ही यंत्रांत बसतो. फरक पडतो तो बसायच्या जागेमुळे.

फ्लॅट प्लेटमध्ये काचेखाली काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक उभ्या नळ्या असतात, त्यांना रायझर म्हणतात. एका प्लेटमध्ये साधारण नऊ. आतला व्यास सव्वा सेंटिमीटरच्या आतच, म्हणजे करंगळीही जाणार नाही इतका. पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खाली येतं, आणि एवढ्याशा जोरावर पाणी दिवसभर फिरत राहतं. हा जोर फार नाजूक असतो. नळी थोडी जरी अरुंद झाली तरी प्रवाह मंदावतो, मंदावला की पाणी नळीत जास्त वेळ थांबून जास्त तापतं, आणि जास्त तापलं की थर आणखी बसतो.

काचेच्या मशीनमध्ये वरच्या टाकीत तिरक्या खोचलेल्या दुहेरी काचेच्या नळ्या असतात. दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी, आणि पाणी आतल्या काचेत. सध्या सर्रास मिळणाऱ्या ५८ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये आतला व्यास चाळीस मिलिमीटरच्या वर भरतो. ट्यूब खालून बंद असते. गरम पाणी वरच्या कडेने चढतं आणि थंड पाणी खालच्या कडेने उतरतं, तेही त्याच नळीत.

आता हिशेब मांडू. फजरला साठ नमाजी धरा, प्रत्येकी चार लिटर कोमट पाणी. इसराफ टाळला तर याहून कमीत होतं, पण चालू नळाखाली चार लिटर सहज जातात. म्हणजे चाळीस अंशांचं २४० लिटर पाणी. टाकीतलं थंड पाणी वीस अंशांचं आणि सोलरचं साठ अंशांचं धरलं, तर निम्मं निम्मं मिसळावं लागेल. म्हणजे १२० लिटर गरम पाणी. मगरिब आणि इशा धरून २०० लिटरचं यंत्र पुरेल. त्यासाठी दोन फ्लॅट प्लेट लागतात, किंवा मोठ्या वीसेक ट्यूब.

समजा बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ४५० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं मानतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, तेव्हा ४५० काही अचाट आकडा नाही. रोज २०० लिटर म्हणजे रोज ९० ग्रॅम क्षार यंत्रातून जाणार. थंडीच्या १२० दिवसांत पावणेअकरा किलो. सगळे काही चिकटत नाहीत, बरेचसे नळावाटे निघून जातात. दहावा हिस्सा राहिला आणि तो तापणाऱ्या नळ्यांतच बसला असं धरलं, तर तीन हिवाळ्यांत सव्वातीन किलो थर होतो.

दोन प्लेटच्या अठरा रायझरच्या आतल्या भिंतीवर हा थर पसरला, तर जाडी सुमारे एक मिलिमीटर होते. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण साडेअकराची नळी साडेनऊची झाली की तिची पाणी वाहून नेण्याची क्षमता निम्म्याहून खाली येते, कारण संथ प्रवाहात ही क्षमता व्यासाच्या चौथ्या घाताने घटते. तेवढाच थर वीस ट्यूबमध्ये पसरला तर जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. चाळीसच्या वर रुंद नळीला त्याने काही होत नाही. प्रत्यक्षात थर असा सारखा बसत नाही, थोडा टाकीतही बसतो, पण दोघांतलं प्रमाण हेच राहतं.

कुदळवाडीत भंगाराचा धंदा जोरात होता (फेब्रुवारी २०२५ च्या कारवाईत तिथल्या हजारो शेड पडल्या, तो विषय वेगळा), तेव्हा तिथे जुन्या फ्लॅट प्लेट तांब्यासाठी फोडल्या जायच्या. हे काम करणारे एक चाचा सांगायचे, "पत्रा शाबूत, काच शाबूत, पण नळी कापली की आतून खडू निघतो." काचेच्या ट्यूबला भंगारात किंमत नाही, त्यामुळे त्यांची अशी उत्तरीय तपासणी कुणी केली नाही.

फ्लॅट प्लेट अडकायला लागली हे ओळखता येतं. भर दुपारी प्लेटच्या वरच्या बाजूने टाकीकडे जाणारा पाइप जपून चाचपावा. प्लेट भाजतेय, पण टाकी कोमटच, तर पाणी फिरत नाही. उपाय म्हणजे सायट्रिक किंवा सल्फॅमिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण छोट्या पंपाने फिरवणं. बुडबुडे थांबले की थर विरघळला असं समजतात. इथे गोम अशी की अ‍ॅसिड मोकळ्या नळीतून जातं. जी पूर्ण बुजली तिच्यात ते शिरतच नाही, आणि बुडबुडे थांबतात ते उघड्या नळ्यांतले. म्हणून थोडं अडकलं असतानाच ते करावं लागतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र टाकू नये, ते स्टीलच्या टाकीला भोकं पाडतं.

ट्यूबमधला थर बाहेरून दिसत नाही, कारण आतल्या काचेवर काळा लेप असतो. वर्षातून एकदा पहाटे, ऊन यायच्या आत, पाणी बंद करून टाकी रिकामी करायची, ट्यूब साबणाच्या पाण्याने ओली करून फिरवत फिरवत काढायची आणि उलटी करायची. तळाशी जमलेला पांढरा गाळ पडतो. उरलेला थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात काही तास ठेवून लांब ब्रशने निघतो. तेव्हाच तळाची चंदेरी टोपी बघून घ्यायची. ती पांढरी पडली असेल तर निर्वात पोकळी गेली, ती ट्यूब बदलायची. हे काम मोहल्ल्यातला कुठलाही नीटस पोरगा करू शकतो.

इथवर ट्यूबचीच बाजू घेतली. पण चिखलीत ट्यूब मारते ती क्षारांमुळे नाही, कोरडी पडल्याने. रिकामी ट्यूब उन्हात दोनशे अंशांच्या पुढे जाते. त्यात दुपारी अचानक पाणी आलं की काच तडकते, आणि एक ट्यूब फुटली की तिच्या भोकातून सगळी टाकी रिकामी होते. एक दिवसाआड पाण्याच्या गावात हा धोका रोजचाच. शिवाय कोरडं पडायचं कारण लोकांना कळत नाही. सोलरला जाणारा थंड पाण्याचा पाइप आणि वजूखान्याचे नळ एकाच लाइनवर असले, तर वरची टाकी संपल्यावर खाली कुणी नळ उघडला की सोलरच्या टाकीतलं पाणी उलटं त्या नळाने निघून जातं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर हे थांबतं, पण जड पाण्यात त्याच्यावरही थर बसतो आणि तो नीट मिटत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे सोलरची लाइन स्वतंत्र ठेवणं.

म्हणून माझं मत असं. प्लेट की ट्यूब यावर भांडण्याआधी चंद्यातून सोलरसाठी पाचशे लिटरची वेगळी टाकी घ्यावी आणि तिला फक्त महापालिकेचं पाणी जोडावं. दोन दिवसांचे चारशे लिटर तीत मावतात. बोअरचं पाणी थंड नळांना आणि संडासाला जाऊ द्यावं. क्षार आणि कोरडं पडणं, दोन्ही प्रश्नांचा मोठा भाग या एका टाकीने सुटतो, आणि मशीनच्या किमतीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे. पाण्याला मॅग्नेट बांधून क्षार जातात असं सांगणारे भेटतील. अमानतीच्या पैशांतून त्यांच्याकडून काही घेऊ नये.

टाकी झाल्यावरही मशिदीसाठी मी ट्यूबच घेईन. एप्रिलमध्ये पाणी तुटलं की कुणीतरी भलेपणाने बोअरचा व्हॉल्व्ह त्या टाकीकडे फिरवणारच. ती चूक ट्यूब धुऊन निस्तरता येते, प्लेटमध्ये ती कायमची बसू शकते. अट एकच, महिन्यातून एकदा गच्चीवर जाणारा माणूस ठरलेला हवा. घरी, जिथे कुणी वर जाणार नाही आणि पोरांचा चेंडू गच्चीवर येतो, तिथे हीट एक्स्चेंजरवाली फ्लॅट प्लेट बरी. तिच्या तांब्याच्या नळ्यांत वेगळं शुद्ध पाणी बंद फिरतं, ते टाकीतल्या पाण्याला फक्त उष्णता देतं. थर बसलाच तर टाकीच्या आतल्या भिंतीवर बसतो, रायझर बुजत नाहीत. महाग पडते, थोडं कमी तापवते, पण टिकते.

बोअरच्या पाण्याची चाचणी मात्र ऑर्डर देण्याआधी व्हावी. थेंब मोजायचं किट मिळतं, लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब टाकायचे. एकदा साध्या पाण्यावर मोजायचं. मग तेच पाणी पंधरा मिनिटं उकळून, निवल्यावर, आटलेलं माप बॅटरीच्या पाण्याने भरून काढून, गाळ खाली बसू देऊन वरच्या पाण्यावर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे यंत्रात थर होऊन बसू शकणारा हिस्सा. तो शंभरच्या आत असेल तर प्लेटवाल्यांचं ऐकायला माझी हरकत नाही.

आणि थंडी सरली की ट्यूबवर गोणपाट टाकायचं. मे महिन्यात गरम पाण्याने वजू कुणीच करत नाही, आणि न वापरलेलं पाणी दिवसभर नुसतं उकळत राहतं.