टोचन लावताना मागच्या गाडीत कोण बसतं?

आज पिकाचं काही नाही. डाळिंबाचा तोडा चालू आहे, माल बाजारात जातोय, आणि या दिवसांत रस्त्याला बंद पडलेली पिकअप नि तिला ओढणारा ट्रॅक्टर हे रोजचं चित्र आहे. त्याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून डोक्यातून गेली नाही.

आमच्या शेजारच्या आबांची पिकअप संध्याकाळी फाट्यावर बंद पडली. गाडीत चाळीसेक क्रेट डाळिंब. गॅरेज सात किलोमीटरवर. आबांचा फोन आला, मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. विहिरीवरचा जुना नायलॉनचा दोर होता, चांगला तीस फूट, मातकट झालेला. एक टोक ट्रॅक्टरला, एक टोक पिकअपला. मागे स्टेअरिंगवर कोण बसणार म्हटल्यावर आबा म्हणाले, "पोरगं बसतंय की, त्याला काय, नुसतं धरून तर बसायचंय." पोरगं म्हणजे त्यांचा पुतण्या, एकोणीस वर्षांचा. त्याच्याकडं मोटारसायकलचं लायसन्स होतं, चारचाकीचं नव्हतं. मीही मान डोलावली. आपल्याकडं सगळीकडं असंच चालतं. शहाणा गडी ट्रॅक्टरवर आणि रिकामा गडी मागच्या गाडीत.

गावाजवळ गतिरोधक आला, मी वेग कमी केला. पोरानं ब्रेक दाबला नाही, पिकअप घरंगळत पुढं आली आणि दोर सैल होऊन रस्त्यावर पडला. मग घाबरून त्यानं पाय दाबला तो कचकन. तेवढ्यात डाव्या बाजूच्या बोळातून एक दूधवाला मोटारसायकलवर निघाला. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेल्या. त्याला दिसलं काय, तर पुढं एक ट्रॅक्टर चाललाय आणि मागं लांब एक गाडी उभी आहे, मधी भरपूर जागा. अंधार पडत आलेला, दोर मातीच्या रंगाचा. तो मधून निघाला आणि त्याच वेळी मी क्लच सोडला. दोर ताणून वर आला तो थेट त्याच्या पुढच्या चाकात.

माणूस वाचला. हेल्मेट नव्हतं तरी वाचला. खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्याचं बिल मी आणि आबांनी निम्मं निम्मं भरलं आणि त्याचं दूध सहा आठवडे माझा मुलगा डेअरीला घालत होता. पण दवाखान्यात हवालदार आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न मला नव्हता. ते म्हणाले, "मागच्या गाडीत ड्रायव्हर कोण होता?" मी म्हटलं, साहेब, मागची गाडी बंद होती, तिला कसला ड्रायव्हर?

तिथंच माझं चुकलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सुरवातीलाच, कलम २ मध्ये, ड्रायव्हर म्हणजे कोण ते लिहिलंय. त्यात स्पष्ट आहे की एक गाडी दुसरीला ओढत असेल तर ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टेअरिंग धरणारा माणूससुद्धा ड्रायव्हरच. इंजिन चालू असो नाहीतर बंद. म्हणजे एका दोरावर दोन ड्रायव्हर असतात, आणि दोघांकडं आपापल्या गाडीचं लायसन्स लागतं. मोटारसायकलचं लायसन्स पिकअपला चालत नाही. बिनलायसन्सच्या माणसाला स्टेअरिंग दिलं तर त्याला वेगळा आणि गाडीमालकाला वेगळा दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोघांनाही पाच पाच हजारांपर्यंत. पोरगं अठराच्या आतलं असेल तर मग विचारूच नका, पालक आणि मालक थेट तुरुंगाच्या कलमात जातात. विम्याचंही तसंच. जखमी माणसाला कंपनीनं भरपाई दिली तरी नंतर ती मालकाकडून वसूल करायला बघते.

काही मंडळी म्हणतील, दंडासाठी काढलेले नियम आहेत हे. मीही तसंच म्हणत होतो. पण जरा हिशेब करून बघा. नियम सांगतो की दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे साधारण सोळा फूट. आणि वेग ताशी पंचवीसच्या आत. पंचवीसच्या वेगाला गाडी एका सेकंदात सात मीटर जाते. म्हणजे पुढच्यानं जागेवर ब्रेक मारला तर मागच्याला पाच मीटर संपायला पाऊण सेकंदसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात माणसाचा पाय ब्रेकवर पोचत नाही. चाळीसनं ओढलं तर अर्धा सेकंदही नाही. मग काय, दोर लांब ठेवायचा? माझा तीस फुटी होता, म्हणून तर दूधवाल्याला मधी वाट दिसली.

यावर उपाय दोराचा नाही, मागच्या माणसाचा आहे. दोर फक्त ओढतो, तो ढकलत नाही आणि थांबवतही नाही. म्हणून दोरावर ओढताना थांबवायचं काम मागच्या ड्रायव्हरचं असतं. पुढच्यानं नुसतं अ‍ॅक्सिलरेटर सोडायचं, हात दाखवायचा, आणि मागच्यानं आधी हलका ब्रेक धरायचा, दोर सतत ताणलेला राहील असा. उतारावर तर सगळी गाडी त्याच्याच पायावर असते. त्यातून इंजिन बंद म्हटल्यावर ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळा दाबेपर्यंतच साथ देतो, मग पेडल दगडासारखं होतं, उभं राहून दाबावं लागतं. पॉवर स्टेअरिंगही बंद, ते जड होतं. चावी काढलेली असेल तर पहिल्याच वळणावर स्टेअरिंग लॉक होतं, म्हणून चावी चालूवर ठेवायची. आता सांगा, हे काम पोराचं आहे का? दोघांपैकी जो जुना, मुरलेला ड्रायव्हर आहे तो मागं बसला पाहिजे आणि नवख्यानं, लायसन्स असेल तर, ट्रॅक्टर चालवावा. आपण बरोबर उलटं करतो.

आणि ब्रेकच गेला असेल तर दोर लावायचाच नाही. तिथं दांडा पाहिजे. दोन्ही टोकांना कड्या असलेला लोखंडी पाइप गॅरेजवाल्यांकडं असतो. दांड्यानं मागची गाडी अंगावर येत नाही, पुढची थांबली की तीही थांबते, मधून कोणी घुसतही नाही. पण दोन्ही गाड्यांचं वजन मग पुढच्याच्या ब्रेकवर येतं, म्हणून पुढचं वाहन भारी पाहिजे. लहान मोटारीला भरलेली पिकअप दांड्यानं जोडू नका. आणि एक गैरसमज ऐकतो, की दांडा लावला की मागं माणूस लागत नाही. लागतो. मागच्या गाडीची स्टेअरिंगची चाकं क्रेननं उचलून रस्त्यावरून पूर्ण वर धरली असतील तरच तिथं माणूस नसला तरी चालतो.

ट्रॅक्टरवाल्यांना एक वेगळं सांगतो. दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर टॉपलिंकच्या जागी किंवा सीटमागं बांधला तर जोर पडल्यावर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागं पलटी होऊ शकतो. ट्रॉली जोडलेली असेल तर आधी सोडून ठेवा.

गेल्या महिन्यात त्याच फाट्यावर दुसऱ्या एकाची गाडी बंद पडली, क्लचप्लेट गेलेली. या वेळी मी दोर मोजून नेला, बांधल्यावर मधलं अंतर पंधरा फूट राहील असा. मधोमध लाल साडीच्या तीन पट्ट्या बांधल्या, कारण दोर लांबून ओळखू आला पाहिजे असं नियमातच आहे. मालक स्वतः मागं बसला, त्याला वीस वर्षांचा सराव. निघण्याआधी त्यानं इंजिन बंद ठेवून पेडल चार वेळा दाबून बघितलं, हँडब्रेक ओढून बघितला. खुणा ठरवल्या: हॉर्न एकदा म्हणजे हळू, सारखा म्हणजे थांब. मागच्या गाडीला पाटी लावली. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत इंग्रजीत 'ऑन टो', अक्षरं पंच्याहत्तर मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. माझी पाटी खताच्या पांढऱ्या पोत्याच्या उलट्या बाजूवर ऑइलपेंटनं लिहिलेली आहे, खर्च शून्य.

दिव्यांचं मात्र त्या दिवशी अडलं. चारही इंडिकेटर एकदम लावले की येणाऱ्याला कळतं काहीतरी अडचण आहे, पण मग वळताना वेगळा इंडिकेटर दिसत नाही. म्हणून वळणावर आधी ते बंद करून वळायचा इंडिकेटर लावायचा, नाहीतर हात बाहेर काढायचा. आणि मागचे लाल दिवे मागच्या गाडीचेच लागतात. ट्रॅक्टरचा दिवा लागला म्हणून भागत नाही, तो मधल्या गाडीआड झाकला जातो. आमचं बांधून होईपर्यंत दिवस मावळला आणि मालकानं लाईट लावले तर मागचा एक दिवा लागेना, दुसरा मिणमिणता. तो म्हणाला, "भाऊ, चार किलोमीटर तर जायचंय, मागं मोटारसायकल ठेवू."

मी नाही म्हटलं. थोडं वाईट वाटलं त्याला, जेवायला उशीर झालेला होता. गाडी डांबरीच्या खाली घेतली, मागं पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवला, माल माझ्या ट्रॉलीत भरून नेला आणि गाडी सकाळी सातला उजेडात ओढली. महामार्गावर असतो तर १०३३ ला फोन करून क्रेन मागवली असती, पण गावाच्या रस्त्याला ती सोय नाही.

त्याला भाडं मी घेतलं नाही. शेजारधर्म आहेच, पण दुसरंही कारण आहे. माझ्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत लिहिलंय की बंद पडलेली एक गाडी ओढताना विमा चालू राहील, पण पैसे घेऊन ओढली तर नाही. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते चष्मा लावून एकदा वाचा आणि खाली कळवा. आबांची पाटी अजून तयार नाही, पोतं देऊन महिना झाला.