शोधून मिळालेला क्रमांक



२०१८ साली बँक ऑफ इंडियाच्या काही शाखांचे दूरध्वनी क्रमांक गुगलच्या नकाशावर परस्पर बदलले गेल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. नकाशावरील माहितीत दुरुस्ती सुचविण्याची मुभा सर्वांनाच असते. भामट्यांनी तिचाच लाभ उठविला. समोरून आलेल्या अनोळखी फोनचा आपण संशय घेतो, परंतु स्वतः शोधून लावलेल्या फोनवर निःशंक विश्वास ठेवतो. या फसवणुकीचे मर्म तेथेच आहे.

समजा, कासारसाईतील एका घरी मागविलेले ग्रंथांचे पार्सल आले नाही. घरातील आजोबांनी कुरिअर कंपनीचे नाव मोबाइलवर शोधले आणि मिळालेला क्रमांक लावला. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणतो, "पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा, मी मदत करतो." मग तो एनीडेस्कसारखे ॲप घ्यायला लावतो. हे ॲप खोटे नसते. दुसऱ्याचा संगणक दुरून दुरुस्त करण्यासाठीच ते बनविलेले आहे, म्हणून ते अधिकृत दुकानात मिळते आणि मोबाइलही धोक्याची सूचना देतोच असे नाही.

ॲप उघडताच पडद्यावर एक लांब अंकी क्रमांक दिसतो. तो विचारला गेला, की फसवणूक ओळखावी. तो सांगून परवानगीचे बटण दाबले, की आपला पडदा भामट्याला दिसू लागतो. अनेक बँकांची ॲप अशा वेळी आपला पडदा झाकून घेतात. त्यामुळे तो एक दुवा पाठवून साध्या पानावर कार्डाचा तपशील भरायला लावतो. पुढे बँकेचा ओटीपी संदेशात येतो, तेव्हा तो विचारावाही लागत नाही. आपल्याबरोबर तोही वाचत असतो. पाच रुपयांच्या निमित्ताने खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये याच ॲपच्या गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते.

असे घडल्यास प्रथम मोबाइलचे इंटरनेट व वाय-फाय बंद करावे. पडदा दिसणे त्याच क्षणी थांबते. मग कार्डाच्या मागील बाजूस छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून खाते गोठवावे आणि लगेच १९३० वर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. ॲप काढून टाकावे, परंतु संदेश पुसू नयेत.

येथे संकोच महाग पडतो. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे, आणि कळविल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. म्हणून घरच्यांना सांगावे की नाही, या विचारात वेळ दवडू नये.

बँकेचा क्रमांक पासबुकावरून, कुरिअरचा पावतीवरून आणि गॅसचा गॅसपुस्तकावरून घ्यावा. आजच हे क्रमांक एका कागदावर लिहून दिनदर्शिकेजवळ लावावेत, म्हणजे घाईच्या वेळी शोधण्याची वेळच येणार नाही.