जाहिरात दोघांची, मग सूट कुणाच्या खिशातून?

चाकणमध्ये शिफ्ट सुटली की तळेगाव चौक, आंबेठाण चौक दुचाक्यांनी भरून जातात. अशा रस्त्यावर ज्यांचं गॅरेज आणि मिसळीचं हॉटेल शेजारी शेजारी आहे, त्यांनी एकच जाहिरात करावी. गाडी सर्व्हिसिंगला टाकलेल्या माणसाला तासभर कुठेतरी बसायचंच असतं. दोन मिसळवाले मात्र या भानगडीत पडू नका. गिऱ्हाईक एकच असेल तर जाहिरात दोघांची राहत नाही.

तीस सेकंदांचा व्हिडिओ असेल तर बारा-बारा सेकंद दोघांना आणि शेवटची सहा पत्त्याला व ऑफरला. पण पहिले बारा आणि दुसरे बारा सारखे नसतात. लोक मध्येच स्क्रीन सरकवतात, म्हणून दुसरा नेहमी तोट्यात. व्हिडिओच्या दोन प्रती करून घ्या, एकीत गॅरेज आधी, दुसरीत हॉटेल, आणि आठवड्याआड बदला. एडिटिंगवाल्याला हे थोड्या वेळाचं काम आहे, पण आधीच सांगा. नंतर सांगितलं तर तो वेगळे पैसे लावतो.

समजा खर्च बारा हजार. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 14,160. बिल एकाच्या नावावर घेऊ नका, 7,080 ची दोन घ्या. गॅरेजची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर त्याला त्यातले 1,080 क्रेडिट मिळतं; पाच टक्क्यांवाल्या हॉटेलला मिळत नाही. बिल हॉटेलच्या नावावर फाडलं तर ते क्रेडिट दोघांच्याही हातून जातं.

खरी कुरकुर सुरू होते ती ऑफरवरून. गॅरेजच्या चिठ्ठीवर मिसळीला वीस रुपये सूट, हॉटेलच्या चिठ्ठीवर मजुरीत पन्नास. महिनाअखेर हॉटेलकडे चाळीस चिठ्ठ्या जमल्या, गॅरेजकडे नऊ. हॉटेलवाला म्हणणार, माझे आठशे गेले, तुझे साडेचारशेच. पण त्या चाळिसांत नवे किती? गल्ल्यावर चिठ्ठी घेताना एवढंच विचारा, ‘दादा, पहिल्यांदाच आलात का?’ आणि मागे खूण करा.

नव्या गिऱ्हाइकाची सूट ज्याला ते मिळालं त्याने सोसावी. जुन्याची निम्मी निम्मी, कारण त्याने दुकानात भर काही घातली नाही. चिठ्ठी देणाऱ्याने आपल्याच गिऱ्हाइकाला खूश केलं. हॉटेलच्या चाळिसांत पंचवीस जुने निघाले तर त्यांच्या पाचशेपैकी अडीचशे गॅरेजवाला देणार. गॅरेजच्या नवांत दोन जुने असतील तर शंभरातले पन्नास हॉटेलवाला. वजा जाता गॅरेजने हॉटेलला दोनशे द्यायचे, विषय संपला.

हा नियम शूटिंगच्या आधी कागदावर उतरवून सह्या करा. चिठ्ठ्यांवर नंबर घाला, दोघांच्या मिळून किती छापायच्या ते ठरवा, आणि शेवटची तारीख व्हिडिओत मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात टाका. एकाची सुट्टी सोमवारी असेल तर तेही लिहा, नाहीतर बंद शटरसमोर उभा राहिलेला माणूस शेजारच्या दुकानात भांडायला येतो.